घास आणि मोबाईल : दोष सुनांचा नाही, आपला



परवा बस्तीत स्वाध्याय संपल्यावर आम्ही आठ-दहा जणी ओसरीवर बसलो होतो. विषय निघाला लहान मुलांच्या मोबाईलचा. मग काय, एकेकीची गाडी सुटली. "आजकालच्या आया हातात मोबाईल देतात आणि मोकळ्या होतात." "आम्ही नाही का तीन-तीन मुलं वाढवली?" "नोकरी पाहिजे, मुलंही पाहिजेत, मग असंच होणार." मी मान डोलावत ऐकत होते. घरी येऊन चपला काढल्या आणि माझीच मला लाज वाटली. कारण आमच्या घरात नातवाच्या हातात पहिल्यांदा मोबाईल सुनेने दिला नव्हता. मी दिला होता. तोही जेवताना.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे. आपल्या घरातल्या दीड-दोन वर्षांच्या मुलांना मोबाईलची सवय लागते ती बहुतेक ताटावर लागते आणि ताट आपल्या हातात असतं. दिवसभर सून ऑफिसात किंवा दुकानात, मूल आजीजवळ. "दोन घास जास्त जावेत" ही हौस आजीची. मग सुनेकडे बोट कशाला दाखवायचं?

माझं कसं झालं ते आधी सांगते. नातू वर्षाचा होईपर्यंत छान जेवायचा. वर्ष सरलं आणि त्याचं खाणं एकदम कमी झालं. चार घास झाले की तोंड फिरवायचा. मी घाबरले. शेजारणीने सांगितलं, "गाणी लावून द्या, खातंय बघा कसं." लावलं. खरंच अख्खी वाटी संपली. दुसऱ्या दिवशी दीड वाटी. मला वाटलं, जिंकलो आपण!

पुढे लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी मला समजावलं ते मी आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मूल जन्माला येतं तेव्हा साधारण तीन किलोचं असतं आणि वर्षाचं होईतो नऊ-दहा किलोचं होतं, म्हणजे वर्षात वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. वाढच मंदावते, मग भूक तेवढीच कशी राहील? मी बी.कॉम. झालेली बाई. आवक कमी झाली की खर्च कमी होतो, एवढं मला कळायला हवं होतं. पण तिथे हिशेब सुचला नाही, वाटीच दिसत राहिली. मूल नेमकं ज्या वयात स्वतःहून कमी खाऊ लागतं, त्याच वयात आपण मोबाईल आणतो आणि म्हणतो, मोबाईलशिवाय जेवत नाही.

मोबाईल समोर असताना मूल खातं कसं, हे एकदा नीट बघा. डोळे पडद्यावर असतात. चमचा ओठाला लागला की तोंड आपोआप उघडतं. आत गेलं ते गोड की तिखट, मऊ की कडक, त्याला पत्ता नसतो. कधी घास गालात तसाच तोबरा भरून राहतो, कारण चावायचं विसरलेलं असतं. पोट "बस" म्हणतं ते मेंदूपर्यंत पोचत नाही. आपण त्याला जेवण म्हणतो, पण आपण पोत्यात धान्य भरावं तसं भरत असतो. शिवाय लक्ष नसताना, रेलून, तोंडात घास धरून खाणाऱ्या मुलाला ठसका लागण्याचा धोका असतो तो वेगळाच.

आता आपल्या धर्माकडे बघा. मुनिमहाराजांचा आहार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. उभं राहून, हाताच्या ओंजळीत, मौनाने, प्रत्येक घास बघून, शोधून. आपण चौका लावतो तेव्हा किती जपतो! धान्य निवडतो, पाणी गाळतो, जेवताना बोलू नये असं मुलांना सांगतो. बारा तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. लहान मुलाला तप सांगायचं नाही, हे मलाही कळतं. पण "पोट भरलं" हे जे त्याला जन्मतः कळतं, ते तरी आपण पुसू नये. मोठेपणी ज्याला आपण ऊनोदर शिकवणार, त्याला दोन वर्षांचा असताना पोटाकडे लक्षच देऊ नको, असं शिकवायचं का?

आता हिशेबाचं सांगते. आमच्या सुनेने एकदा मला विचारलं, "आई, हा दिवसभरात किती बघतो?" मी म्हटलं, "फार नाही गं, अर्धा-पाऊण तास." मग माझ्याच मनाला शंका आली म्हणून आठवडाभर वहीत लिहिलं. तेव्हा तो बावीस महिन्यांचा होता. एका साध्या दिवसाची नोंद अशी : सकाळी दूध पिताना १५ मिनिटं, नाश्त्याला २०, दुपारच्या जेवणाला ३५, संध्याकाळच्या जेवणाला ४५ आणि मी पोळ्या करताना आणखी ३०. एकूण १४५ मिनिटं, जवळजवळ अडीच तास. मी पाऊण तास म्हणत होते!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी जी शिफारस केली, ती अशी : वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीही जवळपास तेच सांगते : दोन वर्षांच्या आत काही नाही, फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल चालेल आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली.

हे आकडे वाचून बहुतेक जणी काय करतात? मिनिटं कापायला जातात. पंचेचाळीसची चाळीस, पस्तीसची तीस. ते जमत नाही, आठवड्यात सगळं पहिल्यासारखं होतं. माझी वही पुन्हा बघा. १४५ पैकी ११५ मिनिटं खाण्यापिण्यातली आहेत. खाताना मोबाईल नाही एवढा एकच नियम केला, तर उरतात ३० मिनिटं. मिनिटं मोजायची गरजच उरत नाही. मर्यादा घड्याळाची नको, जागेची घाला. आपल्याला हे नवं नाही. आपण नियम घेतो तो असाच घेतो : सूर्यास्तानंतर नाही म्हणजे नाही. "रात्री थोडंसंच खाईन" असा नियम कुणी घेतो का? तसा घेतला तर तो टिकेल का?

नियम घेतल्यावर आमच्याकडे काय झालं, ते दिवसवार सांगते, म्हणजे तुम्ही मध्येच घाबरणार नाही.

आधी सून, मुलगा, आमचे हे आणि मी, चौघं बसलो. चौघांचं एक झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे सुनेचं म्हणणं. ते अगदी बरोबर होतं. दुधाचंही बघितलं. दिवसात तीनदा मोठा कप, म्हणजे सहाशे मिली दूध जात होतं आणि वर मी म्हणत होते, जेवत नाही! डॉक्टरांनी सांगितलं, चारशे-पाचशेच्या वर दूध नको. त्याने पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि दुधात लोह नसल्यासारखंच असल्यामुळे रक्त कमी होतं. आपण शाकाहारी, त्यातून कंदमुळंही वर्ज्य. आपल्या मुलांना डाळ, कडधान्य, नाचणी, पालेभाजी पोटात जायलाच हवी. वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. दूध दोनदा केलं आणि जेवणाच्या आधीचं बंद केलं.

पहिल्या दिवशी दुपारी तो ताटासमोर बसला, मोबाईलकडे हात केला, नाही मिळाला. रडला. तीन घास खाल्ले, ताटली ढकलली. मी वीस मिनिटांनी ताट उचललं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं : वीस ते तीस मिनिटं बसवा, मग शांतपणे उचला, मागे धावू नका आणि पुढच्या खाण्यापर्यंत अडीच-तीन तास मध्ये काही देऊ नका, पाणी सोडून. बिस्किट नाही, चुरमुरे नाहीत. माझा जीव तुटत होता. सुनेने फोन केला, "आई, काय खाल्लं?" "तीन घास." ती म्हणाली, "असू द्या. संध्याकाळी खाईल."

दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट. तिसऱ्या दिवशी रडणं वाढलं. आमच्या ह्यांनी खिशातून मोबाईल काढलाच होता. "पाचच मिनिटं दे गं, उपाशी राहील पोरगं." मी हात धरला. कारण इथेच घर बुडतं. वीस मिनिटं रडल्यावर मोबाईल मिळाला, तर मूल काय शिकतं? वीस मिनिटं रडावं लागतं, एवढंच शिकतं. पुढच्या वेळी ते बरोबर वीस मिनिटं रडतं. त्यापेक्षा पहिल्या मिनिटाला दिलेला परवडला.

पाचव्या दिवशी त्याने स्वतः वाटीत हात घातला. वरणभात अंगावर, जमिनीवर, केसात. मी पुसायला धावले नाही, खाली जुना टॉवेल अंथरला. आठव्या दिवशी पोळीचा तुकडा हातात धरून चावला. बाराव्या-तेराव्या दिवशी मोबाईलची आठवण काढणं थांबलं. वाटी मात्र संपत नाही, आजही नाही. कधी अर्धी, कधी पाव, कधी दोनदा मागून घेतो. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला वयाच्या एका वर्षाला एक मोठा चमचा एवढाच एकेक पदार्थ वाढा. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण, दोन चमचे भाजी. मागितलं तर पुन्हा वाढा. मी वाटी भरून घेत होते आणि ती संपली नाही म्हणून दुःखी होत होते. महिन्याने वजन केलं : आधी ११ किलो २०० ग्रॅम, नंतर ११ किलो ४००. मोबाईल सोडून पोरगं काही वाळलं नाही.

नावडती भाजी एकदा थुंकली म्हणून ती आवडत नाही, असं ठरवू नका. एखादी चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. जबरदस्ती नाही, फक्त ताटात एक तुकडा. दोडका आमच्याकडे बारा वेळा ताटात पडून राहिला, तेराव्या वेळी गेला. मोबाईलसमोर गेलेला दोडका त्या बारांत मोजायचा नाही, कारण तो त्याने चाखलाच नव्हता.

आता ती उरलेली ३० मिनिटं. ही खरी आपल्या घरांची अडचण आहे आणि ती बाकीच्या घरांपेक्षा आपल्याकडे मोठी आहे. आपल्याला सूर्यास्ताच्या आत जेवायचं. इकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पाच ते सहा या एका तासात भाजी, वरण, पोळ्या, ताटं, सगळं. त्याच वेळी मूल झोपेतून उठून किरकिरत असतं आणि सून अजून वाटेत असते. चौविहार सांभाळायचा की मूल सांभाळायचं? मग मोबाईल पुढे येतो. आपला नियम पाळायला आपण मुलाचा नियम मोडतो, असं म्हणायची वेळ येते. हे मला फार लागलं.

आम्ही काढलेला मार्ग असा. पहिलं, भाजी निवडणं-चिरणं आणि कणीक मळणं तीनच्या आत, तो झोपलेला असताना. पाच वाजता फक्त फोडणी आणि पोळ्या उरतात. दुसरं, चार वाजता त्याला अर्धं केळं किंवा नाचणीची लापशी, मग सहापर्यंत काही नाही. सहाला तो आमच्याबरोबर पंगतीला भुकेला बसतो. त्याला आधी वेगळं भरवून घेणं बंद. तिसरं, साडेपाच ते सहा त्याला अंगणात घेऊन जायचं काम आमच्या ह्यांचं. निवृत्त माणसाला पेपर दिवसभर वाचता येतो. पोळ्या मात्र त्याच अर्ध्या तासात व्हायच्या असतात. मैत्रिणींनो, आपण हे पुरुषांना कधी सांगतच नाही, सुनेला मात्र सांगतो.

राहिला पाच ते साडेपाच. त्यासाठी ओट्याखालचा एक कप्पा त्याचा केला, गॅसपासून लांबचा. या वयात मूल एका वस्तूत फार तर आठ-दहा मिनिटं रमतं, म्हणून सगळं एकदम काढायचं नाही. आधी तीन-चार लहानमोठे डबे आणि त्यांची झाकणं : कुठलं कशाला बसतं, हे बघण्यात दहा मिनिटं जातात. मग सुपारीएवढा नाही, लिंबाहून मोठा कणकेचा गोळा आणि त्याचं छोटं लाटणं. मग गवारीच्या शेंगा मोडायला किंवा भेंड्या या ताटातून त्या ताटात ठेवायला. मी मोजते, "एक भेंडी, दोन भेंड्या." तोही मोजतो, चुकीचं मोजतो. शेंगदाणे, चणे, वाटाणे, राजमा मात्र कधीही हातात देऊ नका, नाकात किंवा श्वासनळीत गेले तर जिवावर बेततं. ओट्याजवळ उकळतं काही असेल, तर मुलाची जागा दाराबाहेरच्या चटईवर, आपल्या नजरेसमोर. दोन वाट्या आणि पेलाभर पाणीही अर्धा डाव रंगतं. एकीने मला विचारलं, हा अनर्थदंड नाही का? ते पाणी आम्ही नंतर जास्वंदीला घालतो.

या कप्प्यातल्या वस्तू दर चार दिवसांनी बदलायच्या. लपवलेला डबा चार दिवसांनी पुन्हा दिसला की नवा होतो.

आता दोन युक्तिवाद मी नेहमी ऐकते. पहिला, "आमचा कार्टून नाही बघत, णमोकार मंत्र बघतो, तीर्थंकरांच्या गोष्टी बघतो." हा मीही दिला होता. पण विचार करा. मुलाच्या डोळ्यांना, मानेला, पोटाला तो मंत्र आहे की गाणं, हे कळत नाही. त्याला झगमगतं चित्र कळतं. आणि इतक्या लहान वयात मूल पडद्यावरून भाषा शिकतं का? अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या माणसाकडून बारा वेळा, काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावरून. समोरच्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता आले. पडद्यावरून ऐकलेल्यांना काहीच फरक पडला नाही, ऐकलंच नव्हतं जणू. मग आपल्या पोरांना णमोकार पडद्याने कसा शिकवावा? तो आजीच्या मांडीवर, झोपताना, तोच तोच ऐकून येतो. आमचा नातू अजून "णमो" एवढंच म्हणतो, पण हात जोडून, माझ्या तोंडाकडे बघून म्हणतो.

दुसरा युक्तिवाद खरा आहे, म्हणून त्याला उत्तर देते. माझी लेक पुण्यात असते. ती म्हणाली, "आई, तुझ्याकडे तू आहेस, बाबा आहेत. मी सातला घरी येते. मला अंघोळ करायची असते, कुकर लावायचा असतो. माझ्या अंगणात कोण नेणार हिला?" तिची मुलगी तीन वर्षांची. मी तिला म्हटलं, तुला मी शून्य सांगत नाही. तीन वर्षांच्या मुलीला एक तासाच्या आतलं चालतं. फक्त चार गोष्टी कर. जेवताना नाही. झोपायच्या आधीच्या तासात नाही. मोबाईल हातात नाही, भिंतीवरच्या टीव्हीवर. आणि आपण निवडलेला एकच भाग, पुढचा भाग आपोआप सुरू होतो ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद. कारण तीन वर्षांच्या मुलीने "आता पुरे" कुठे म्हणायचं? कार्यक्रमच संपत नाही!

वेळ किती? मी तिला घटका सांगितली. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. दोन घटकांचं मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटं, तेवढ्यात आपलं एक सामायिक होतं. मोठ्यांना तेवढा वेळ एका जागी बसणं जड जातं आणि लहानग्यांना आपण त्याच्या तिप्पट वेळ पडद्यासमोर बसवतो! लेकीने रोज एक घटका ठरवली, सात ते साधारण सव्वासात-साडेसात. सुरू करायच्या आधी सांगायचं, "ही गोष्ट संपली की तू बटण दाबायचंस." मध्येच खेचून घेतलं की भांडण होतं. गोष्ट संपल्यावर तिनेच बंद केलं की फारसं होत नाही. पहिल्या आठवड्यात रडली, आता स्वतः धावत जाऊन बंद करते. आणि "बघून झालं, आता मला सांग, काय झालं गोष्टीत," एवढं कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बोलायचं. आमच्याशी व्हिडिओ कॉल या हिशेबात नाही. पण कॉलवरही तिला घास भरवायचा नाही, हे मी आजी म्हणून स्वतःला बजावलंय.

शेवटी एक इशारा. मोबाईल काढला की सगळं सुधारेल, असं मी म्हणत नाही. मूल दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द बोलत नसेल, नावाने हाक मारली तर वळत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, घट्ट पदार्थाने रोज ओकारी काढत असेल, वजन थांबलं किंवा उतरलं असेल, फिकट दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. "मोबाईलने झालं असेल, बंद केला की बोलेल," असं म्हणत सहा महिने घालवू नका. आणि त्या आईला "तू मोबाईल दिलास म्हणून असं झालं," असं तर चुकूनही ऐकवू नका. कारण बोलण्यातली प्रत्येक अडचण मोबाईलमुळे येत नाही आणि दोष ऐकून ती बाई डॉक्टरांकडे जायचीच टाळते.

पुढच्या स्वाध्यायाला हा विषय पुन्हा निघाला, तर या वेळी मी मान डोलावणार नाही. विचारणार आहे : "तुमच्या घरात दुपारचा घास कोण भरवतं?" बहुतेकींचं उत्तर मला माहीत आहे, कारण माझंही तेच होतं. दशलक्षण पर्वात आपण दहा दिवसांचे काय काय नियम घेतो. या वर्षी एक हा घ्या : नातवंडाच्या ताटासमोर मोबाईल नाही, त्याच्याही नाही आणि आपल्याही नाही. आपला मोबाईल पलीकडच्या खोलीत, चार्जिंगला. दहा दिवसांत बाराव्या-तेराव्या दिवसाच्या जवळ पोचाल, तिथून पुढे फार अवघड नाही.

घास कमी गेला तर जाऊ द्या. पोट त्याचं आहे.

जय जिनेंद्र.